बावीस जूनचा टेम्पो

साताऱ्याकडची एक शाळा डोळ्यांसमोर आणू. शाळा कल्पनेतली आहे. पण तिच्या दारात जे घडतं, ते गृहनिर्माण सोसायटीच्या, दवाखान्याच्या किंवा छोट्या कारखान्याच्या दारातही घडतं. २२ जूनची सकाळ, पावसाची भुरभुर, आणि गेटवर ताडपत्री बांधलेला टेम्पो. आत ८० बाकं. ती यायला हवी होती ३१ मे रोजी. चालक खाली उतरतो, चलनाचं पुस्तक पुढे करतो आणि म्हणतो, “मामा, इथं सही करा. चार पोरं बोलवा, पटकन उतरवून घेऊ.”

शिपाईमामांनी सही केली की बाकं वर्गात जातील, मुलं त्यावर बसतील आणि महिन्याभरानं पुरवठादाराचं पूर्ण रकमेचं बिल येईल. पण शाळेला ही बाकं आता नकोच आहेत. वाट पाहून थकल्यावर तिनं ८० बाकं दुसरीकडून घेतली, ती परवाच आली. वर उशिराचा दंड करारात लिहिलेला आहे, तोही तिला लावायचा आहे. म्हणजे एकाच पत्रात दोन गोष्टी सांगायच्या आहेत: माल स्वीकारत नाही, आणि विलंबाची भरपाई कापून घेत आहोत. शिवाय माणूस तोडायचा नाही. तालुक्यात बाकं बनवणारे असून असून किती असणार!

हे पत्र लिहायला बसलं की बहुतेकांचं लक्ष भाषेकडे जातं. कडक लिहावं की मवाळ, ‘खेद’ लिहावं की ‘नाइलाज’. खरी अडचण त्याच्या आधीच असते. माल नाकारणं आणि दंड लावणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं ओढतात. त्यांना एका कागदावर बसवायचं तर आधी एक दुसरा कागद लिहून झालेला असावा लागतो.

दंडाचं कलमच आडवं येतं

शाळेनं १० एप्रिलला दिलेली ऑर्डर अशी होती: २०० बाकं, प्रत्येकी ४,००० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून ८ लाख. ३१ मेपर्यंत शाळेत पोच. उशीर झाल्यास, मुदतीत न आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला १ टक्का भरपाई, जास्तीत जास्त १० टक्के. खरेदी विभागातले लोक या कापणीला ‘एलडी’ म्हणतात. केंद्र सरकारच्या खरेदीत नेहमीचा दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असतो. शाळेचा १ टक्का त्याच्या दुप्पट असला, तरी खासगी ऑर्डरींमध्ये असा दर सर्रास दिसतो.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं ५५वं कलम सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्याला उरलेला करार रद्द करता येतो. वेळ गाभा नसेल, तर करार रद्द करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. मग वेळ गाभा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? ‘वेळ हा या कराराचा गाभा आहे’ असं छापलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं.

याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका जुन्या प्रकरणात आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचं काम १९५५ साली हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स यांना दिलं गेलं. मुदत बारा महिन्यांची. काम वेळेत झालं नाही आणि १९५६ मध्ये सरकारनं करार मोडला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९७९ मध्ये लागला. न्यायालयानं करार उलगडून पाहिला. त्यात उशिरासाठी दंडाची सोय होती आणि मुदत वाढवून देण्याचीही होती. उशीर झाला तर काय करायचं हे करारच सांगत असेल, तर उशीर झाला की सगळं संपलं असं दोन्ही पक्षांनी धरलेलं नव्हतं, हा त्यातला तर्क. अशा वेळी करार मोडण्याआधी नवी, वाजवी मुदत ठरवून ती शेवटची असल्याचं कळवायला हवं होतं. सरकारनं ते केलं नव्हतं आणि ते हरलं.

शाळेच्या ऑर्डरीला हेच लागू पडतं. तिच्यात दंडाचं कलम आहे, म्हणजे थोडा उशीर तिनं गृहीत धरलेला आहे. ३१ मे उलटली म्हणून १ जूनला ‘माल नको’ असं कळवलं असतं, तर पुरवठादार म्हणाला असता, दंड घ्या, पण माल घ्यावा लागेल. त्याच्या म्हणण्यात तथ्यही असतं.

१ जूनचं पत्र

सुदैवानं शाळेच्या लेखनिकबाईंनी १ जूनला एक छोटं पत्र पाठवलेलं होतं. त्याला कारण घडलं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून.

पुरवठादाराचा २८ मे रोजी संदेश आला होता: “सर, १२० बाकं उद्या पाठवतो. बाकीची आठ दिवसांत देतो, पाइप मिळत नाहीये.” संस्थेच्या सचिवांनी उत्तर दिलं, “ठीक आहे, पण लवकर बघा.” १२० बाकं २९ मेला मुदतीत आली. पण त्या ‘ठीक आहे’नं उरलेल्या ८० बाकांची मुदत मऊ झाली. करार कायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे ज्याला काम करून घ्यायचं आहे, तो मुदत वाढवून देऊ शकतो, आणि त्यासाठी स्टॅम्पपेपरची गरज नसते. फोनवरचा हा संदेश पुढे पुरवठादाराच्या फायलीत पहिल्या पानावर येणार, हे उघड होतं.

म्हणून १ जूनच्या पत्रात तीन वाक्यं होती. ३१ मेची मुदत संपली असून ८० बाकं आलेली नाहीत. शाळा १५ जूनला सुरू होत असल्यानं १२ जूनपर्यंतची अखेरची मुदत देत आहोत, त्यानंतर उरलेला माल नाकारण्यास आणि दुसरीकडून घेण्यास संस्था मोकळी राहील. ही वाढ देताना ऑर्डरीतल्या कलमाप्रमाणे १ जूनपासूनची विलंब-भरपाई घेण्याचा हक्क संस्था सोडत नाही.

दुसऱ्या वाक्यानं नाशिकच्या जलसेतूवरची चूक टाळली. तारीख नेमकी आहे, ती का महत्त्वाची आहे हे सांगितलं आहे आणि ती चुकली तर काय होईल हेही. बारा दिवस हा काळही वाजवी, कारण पुरवठादारानं स्वतःच आठ दिवस मागितले होते.

तिसऱ्या वाक्याची किंमत कळायला ओएनजीसी आणि सॉ पाइप्स यांच्यातला वाद बघावा लागतो. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारे मोठ्या व्यासाचे केसिंग पाइप १४ नोव्हेंबर १९९६ पर्यंत यायचे होते. युरोपातल्या पोलाद कारखान्यांमध्ये संप झाला, कच्चा माल अडला आणि कंपनीनं मुदत वाढवून मागितली. ओएनजीसीनं ती दिली, पण त्याच पत्रात लिहिलं की करारातली ठरीव भरपाई वसूल केली जाईल. पाइप आले आणि बिलातून रक्कम कापली गेली. लवादानं कापणी चुकीची ठरवली, कारण ओएनजीसीनं नुकसान सिद्ध केलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये लवादाचा तो निर्णय बदलला आणि कापणी योग्य ठरवली. त्यात मुदतवाढीच्या पत्रानं आपलं काम चोख बजावलं होतं. ५५वं कलमही हेच सांगतं: उशिरा आलेलं काम स्वीकारायचं आणि भरपाईही हवी, तर स्वीकारतानाच तसं कळवलं पाहिजे. आधी मुकाट्यानं घ्यायचं आणि बिलाच्या वेळी कापायचं, हे चालत नाही.

१ जूनचं पत्र ईमेलनं गेलं, पोच घेऊन पोस्टानंही गेलं, आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या ‘ठीक आहे’च्या खाली जाऊन बसला. १२ जूनपर्यंत ना माल आला, ना उत्तर. १५ जूनला शाळा भरली. दोन वर्ग सतरंजीवर बसले. १६ जूनला शाळेनं दुसऱ्या कारागिराकडे ८० बाकं सांगितली आणि ती २० जूनला आली. दर पडला ४,१५० रुपये. तातडीच्या वाहतुकीचे १,५०० रुपये वेगळे.

गेटवर काय करायचं

आता टेम्पोकडे परत येऊ. पत्र लिहायला दोन तास लागतील, चालक तेवढा थांबणार नाही. म्हणून पत्राचा पहिला मसुदा चलनावरच लिहावा लागतो.

चलनाच्या दोन्ही प्रतींवर मामा एवढंच लिहितात: “मुदतीनंतर आलेला माल. स्वीकारला नाही. उतरवला नाही.” खाली तारीख, वेळ, सही, शिक्का. एका प्रतीचा मोबाइलवर फोटो. इनवर्ड रजिस्टरला आवक म्हणून नोंद होत नाही. गेटच्या वहीत टेम्पोचा नंबर आणि ‘माल परत’ अशी नोंद होते. “माल मिळाला” असं छापलेल्या ओळीवर नुसती सही मारली, तर पुढचं पत्र तिथंच लंगडं पडतं.

समजा, लेखनिकबाई यायच्या आत बाकं उतरवली गेली असती, तर? तरी सगळं संपलेलं नसतं. वस्तुविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या ४२व्या कलमानुसार माल ताब्यात आला एवढ्यानं तो स्वीकारला असं होत नाही. खरेदीदारानं तसं कळवलं, किंवा मालकासारखा तो वापरायला काढला, किंवा वाजवी काळ उलटेपर्यंत काही न बोलता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. म्हणून उतरवलेली बाकं व्हरांड्यात एका बाजूला रचायची, त्यांवर मुलांना बसू द्यायचं नाही, शाळेचं नाव रंगवायचं नाही आणि त्याच दिवशी नकार कळवायचा. ४३वं कलम तर खरेदीदाराच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगतं: रास्त कारणानं नाकारलेला माल स्वतः परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही, नकार कळवला की पुरे. भाडं भरून माल परत पाठवणाऱ्या अनेक संस्थांना हे ठाऊक नसतं.

पत्र

दुपारी संस्थेच्या लेटरहेडवर जे पत्र टाइप झालं, ते असं:

> जावक क्र. ….. दि. २२ जून
>
> प्रति,
> मे. ………………
>
> विषय: ८० बाकांचा मुदतीनंतरचा पुरवठा न स्वीकारण्याबाबत आणि विलंब-भरपाईबाबत.
>
> संदर्भ: १) आमची दि. १० एप्रिलची ऑर्डर. २) आमचे दि. १ जूनचे पत्र. ३) आपले दि. २२ जूनचे चलन.
>
> महोदय,
>
> संदर्भ क्र. १ प्रमाणे २०० बाके दि. ३१ मेपर्यंत पोहोचणे ठरले होते. त्यांपैकी १२० बाके आपण दि. २९ मे रोजी मुदतीत दिलीत, त्याबद्दल आभारी आहोत. उरलेल्या ८० बाकांसाठी संदर्भ क्र. २ अन्वये दि. १२ जूनपर्यंत अखेरची मुदत दिली होती. त्या मुदतीत माल अथवा आपले उत्तर मिळाले नाही.
>
> शाळा दि. १५ जून रोजी सुरू झाल्याने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी ८० बाके अन्यत्र घेणे भाग पडले व ती दि. २० जून रोजी प्राप्त झाली. त्यामुळे आज, दि. २२ जून रोजी आपल्या वाहनातून आलेली ८० बाके नाइलाजाने स्वीकारता आलेली नाहीत. माल वाहनातून उतरवलेला नाही. तशी नोंद चलनावर केली आहे. ऑर्डरमधील या ८० बाकांचा भाग रद्द समजावा.
>
> ऑर्डरमधील कलम ९ प्रमाणे विलंब-भरपाईचा हिशेब असा:
> मुदतीत न आलेला माल: ८० × ४,००० = रु. ३,२०,०००
> विलंब: दि. १ जून ते २० जून, २० दिवस, म्हणजे ३ आठवडे
> भरपाई: ३,२०,००० च्या १ टक्का × ३ = रु. ९,६००
>
> ही रक्कम स्वीकारलेल्या १२० बाकांच्या बिलातून वजा करून उर्वरित रक्कम ठरलेल्या मुदतीत अदा करण्यात येईल. हिशेबाबाबत किंवा विलंबाच्या कारणाबाबत आपणांस काही कळवायचे असल्यास कृपया दि. ३० जूनपर्यंत कागदपत्रांसह लेखी कळवावे. त्याचा विचार केला जाईल.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> सचिव

नऊ हजार सहाशे कसे आले

या पत्राचा कणा म्हणजे मधल्या तीन ओळी. चुका नेहमी तिथंच होतात.

पहिली चूक, टक्का कशावर लावायचा. ऑर्डर ८ लाखांची म्हणून ८ लाखांवर ३ टक्के लावले, तर २४,००० होतात. पण १२० बाकं वेळेवर आली होती, त्यांचा दंड कसला? कलमातही ‘मुदतीत न आलेल्या मालाच्या किमतीवर’ असे शब्द आहेत. ते नसते, तरीही पूर्ण रकमेवरची कापणी टिकवणं अवघड गेलं असतं.

दुसरी चूक दिवस मोजण्यात. ३१ मे हा मुदतीचा शेवटचा दिवस, त्यामुळे उशिराचा पहिला दिवस १ जून. आणि शेवटचा कोणता? टेम्पो २२ जूनला आला, त्या हिशेबानं २२ दिवस, म्हणजे तीन आठवडे आणि एक दिवस. आठवड्याचा भाग पूर्ण धरायचा असल्यानं चार आठवडे आणि १२,८०० रुपये मागता आले असते. कलमाचे शब्द तेवढी मुभा देतात. पण शाळेची गरज २० जूनला भागली होती. त्यानंतरच्या दोन दिवसांच्या उशिरानं तिचं काय बिघडलं, या प्रश्नाला उत्तर नाही. पुरवठादाराच्या वकिलानं पहिलं बोट तिथंच ठेवलं असतं. जिथं उत्तर नाही ती ३,२०० रुपयांची मागणी सोडून दिल्यानं उरलेले ९,६०० भक्कम झाले.

यामागे करार कायद्याचं ७४वं कलम आहे. करारात रक्कम लिहिलेली असली, मग तिला भरपाई म्हणा की दंड, तरी ती आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणजे ‘१० टक्के’ हा आकडा छत आहे, जमीन नाही.

वाजवी म्हणजे किती, हे सांगणारं प्रकरण बटाट्यांचं आहे. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदारानं १९४७ साली उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे, आणि दुसऱ्या करारानं कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचं कबूल केलं. अनामत दिली १०,००० आणि ८,५०० रुपये. पुरवठ्यात खंड पडला, सरकारनं करार मोडले आणि दोन्ही रकमा जप्त केल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये विचारलं, तुमचं नुकसान किती झालं? बटाटे-अंडी बाजारात मिळणाऱ्या वस्तू. त्या दुसरीकडून कोणत्या भावानं घेतल्या याचे कागद सरकारला दाखवता आले असते. ते दाखवले नव्हते. जप्ती टिकली नाही.

ओएनजीसीला नुकसान सिद्ध करावं लागलं नाही आणि लष्कराला लागलं, हे वरवर विसंगत वाटतं. फरक मालाच्या जातीत आहे. समुद्रातल्या विहिरीवर पाइप उशिरा आल्यानं नेमके किती रुपये बुडाले, हे काढणं फार कठीण. अशा वेळी दोघांनी आधीच अंदाज करून लिहिलेला आकडा मान्य होतो. बटाट्यांचा भाव मात्र कुणीही सांगेल.

बाकं बटाट्यांच्या पंक्तीला बसतात. म्हणून शाळेच्या फायलीत दुसऱ्या कारागिराचं बिल लावलेलं आहे. प्रत्येकी १५० रुपये जास्त, ८० बाकांचे १२,०००, त्यात वाहतुकीचे १,५०० मिळवले की १३,५००. प्रत्यक्ष फटका १३,५०० आणि मागणी ९,६००. शाळेनं हे बिल पत्रात वेगळं मागितलेलं नाही. उशिराची भरपाई आणि फरकाची रक्कम अशा दोन्ही मागितल्या असत्या, तर एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मागितल्यासारखं झालं असतं. बिलाचं काम एवढंच की उद्या कुणी विचारलं तर ९,६०० रुपये हवेतून आलेले नाहीत हे त्यानं दाखवावं.

नम्रपणा कुठे आहे

पत्रात ‘कृपया’ एकदाच येतं आणि ‘नाइलाजाने’ एकदा. तरी पत्र नम्र वाटतं, कारण त्यात पुरवठादाराच्या हेतूबद्दल एक शब्दही नाही. ‘आपण जाणूनबुजून’, ‘आपला बेजबाबदारपणा’, ‘विद्यार्थ्यांचे अतोनात हाल’ असली वाक्यं पहिल्या मसुद्यात होती. लेखनिकबाईंनी ती काढली. त्यांतलं एकही वाक्य सिद्ध करावं लागलं तर शाळेला जड गेलं असतं, आणि एकानंही रक्कम वाढली नसती. तारखा मात्र सगळ्या राहिल्या.

वेळेवर आलेल्या १२० बाकांचे आभार हाही निव्वळ शिष्टाचार नाही. त्या एका ओळीनं वादाचा परीघ ८० बाकांपुरता आखला गेला. नकार फक्त उरलेल्या भागाला आहे, आधी घेतलेल्या मालाबद्दल तक्रार नाही, हे पुरवठादाराला पहिल्याच परिच्छेदात कळतं आणि त्याच्या बिलाची काळजी मिटते.

अतिनम्रतेचाही धोका असतो. ‘यावेळी समजून घेत आहोत’, ‘शक्य झाल्यास भरपाईचा विचार व्हावा’ अशी वाक्यं वाचायला गोड लागतात आणि हक्क सोडल्यासारखी वाचता येतात. म्हणून नकाराचं वाक्य आणि रकमेचं वाक्य यांत ‘शक्य झाल्यास’ नाही. मोकळीक ठेवली आहे ती शेवटी: कारण असेल तर कागदासह कळवा. ‘पाइप मिळत नाहीये’ हे कारण ८० बाकांच्या बाबतीत खरंही असू शकतं. पण बाजारात टंचाई असणं आणि करारात माफ केलेली आपत्ती असणं यांत अंतर आहे, आणि युरोपातल्या संपानंही सॉ पाइप्सची कापणी वाचवली नव्हती.

बिल अडवून ठेवू नका

इथवर शाळेची बाजू भक्कम आहे. ती बिघडते बहुधा लेखा विभागात. ‘वाद चालू आहे’ असा शेरा मारून संपूर्ण बिल अडकवून ठेवलं जातं, वेळेवर आलेल्या मालाचंही.

बाकं बनवणारा कारागीर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा लागू होतो. लेखी करारात काहीही ठरलेलं असो, स्वीकारलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. तसं न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज चढतं, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय मालाबद्दल हरकत असेल, तर ती पोच झाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी नोंदवावी लागते. नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. फोनवर केलेली कुरकुर या कायद्याला ऐकू येत नाही. २२ जूनच्या टेम्पोबाबतचं पत्र त्याच दिवशी गेल्यानं ही अट आपोआप पाळली गेली.

२९ मेला आलेल्या १२० बाकांचे ४,८०,००० रुपये होतात. ४५ दिवसांची मुदत १३ जुलैला संपते. त्यातून ९,६०० वजा जाता द्यायचे ४,७०,४००. जीएसटी मात्र पूर्ण ४,८०,००० वरचाच द्यायचा, कारण कापणीमुळे बाकांची किंमत कमी झालेली नाही. आणि कापलेल्या ९,६०० वर शाळेला वेगळा जीएसटी भरावा लागतो का, या नेहमीच्या गोंधळावर केंद्र सरकारनं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात उत्तर दिलेलं आहे: करार मोडल्याबद्दल मिळालेली अशी भरपाई ही कुठल्याही सेवेचा मोबदला नाही, तिच्यावर कर नाही.

पुरवठादाराचं उत्तर २८ जूनला येतं. तो तीन मुद्दे मांडतो: पाइप मिळत नव्हता, सचिवांनी ‘ठीक आहे’ म्हटलं होतं, आणि टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं त्याला पडलं. सोबत कागद एकच, व्हॉट्सअ‍ॅपच्या संवादाची छापील प्रत. त्या प्रतीत ‘ठीक आहे, पण लवकर बघा’ दिसतं आणि त्याच्या खाली १ जूनच्या पत्राचा फोटोही दिसतो, दोन निळ्या खुणांसह. शाळा चार ओळींचं उत्तर देते, भाड्याची मागणी मान्य करता येत नाही असं कळवते, आणि १० जुलैला ४,७०,४०० रुपये व कर मिळून रक्कम त्याच्या खात्यात जमा करते.

आठवड्याभरानं त्याचा फोन येतो. प्रयोगशाळेसाठी स्टुलं घेणार आहात असं ऐकलं, कोटेशन देऊ का? सचिव ‘द्या’ म्हणतात. मग थोडं थांबून सांगतात, “व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लेखी पाठवा. आणि तारीख तुम्हीच टाका.”